हिवतापाच्या स्लाइड रजिस्टरमधून आठवड्याचे प्रजातीनिहाय पॉझिटिव्ह आकडे कसे काढावेत

रजिस्टर समोर आहे, आठवडे माहीत आहेत, मग मोजायला काय लागतं, असं वाटतं खरं. पण एकच रजिस्टर दोघांना वेगवेगळं मोजायला द्या, दोघांचे आकडे बहुतेक वेळा जुळणार नाहीत. बेरीज दोघांचीही बरोबर असते. फरक पडतो तो कोणती तारीख धरली, मिश्र संसर्ग कुठे टाकला आणि त्याच रुग्णाची दुसरी स्लाइड मोजली का, या तीन गोष्टींमुळे. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये मोजणी अगदी शेवटी येते. त्याआधीचं सगळं काम ओळी नीट उतरवण्याचं आणि निर्णय एकदाच घेऊन लिहून ठेवण्याचं आहे.

## १. मोजण्याआधी रजिस्टर वाचा

संगणक उघडू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांची पानं आधी फक्त वाचून काढा आणि निकालाच्या रकान्यात जे जे लिहिलेलं दिसेल त्याची यादी कागदावर करा. एकाच रजिस्टरमध्ये `Pf`, `P.f.`, `PfR`, `PfRG`, `Pf ++`, `Pv+`, `MP+`, `NMP`, `Neg`, आडवी रेघ, ‘वरीलप्रमाणे’ची खूण आणि कोरी जागा हे सगळं सापडू शकतं. `R` म्हणजे रिंग आणि `G` म्हणजे गॅमेटोसाइट. या परोपजीवीच्या अवस्था आहेत, प्रजाती नव्हेत, त्यामुळे `PfRG` हा एकच फाल्सिपेरम आहे.

ही यादी घेऊन तंत्रज्ञाशेजारी अर्धा तास बसा आणि प्रत्येक खुणेचा अर्थ विचारून समोर लिहा. स्वतः अंदाज बांधू नका, कारण काही खुणा हटकून फसवतात. नुसता `M` एका तंत्रज्ञासाठी मिश्र संसर्ग असतो, तर दुसऱ्यासाठी मलेरिए. आडवी रेघ म्हणजे कुठे निगेटिव्ह, तर कुठे ‘स्लाइड फुटली’. मधल्या काळात तंत्रज्ञ बदलला असेल, तर अक्षर बदलतं त्या पानापासून यादी नव्याने करावी लागते.

सगळ्यात जास्त गोंधळ अधिकच्या चिन्हाने होतो. `Pf+Pv` मधलं चिन्ह दोन प्रजाती जोडतं. `Pf ++` मधली चिन्हं मात्र रक्तात परोपजीवी किती आहेत ते सांगतात. नेहमीच्या पद्धतीत जाड थराच्या शंभर क्षेत्रांत एक ते दहा परोपजीवी दिसले तर एक अधिक, अकरा ते शंभर दिसले तर दोन, दर क्षेत्रात एक ते दहा असतील तर तीन आणि दहाहून जास्त असतील तर चार. चिन्ह तेच असल्यामुळे, संगणकात ‘+’ शोधून मिश्र संसर्ग मोजणाऱ्याच्या हाती भलताच आकडा येतो.

तपासा: यादीत अर्थ न लागलेली एकही खूण उरली असेल, तर पुढे जाऊ नका.

## २. तारीख एकदाच ठरवा

स्लाइडला निदान दोन तारखा असतात: रक्त घेतल्याची आणि स्लाइड तपासल्याची. काही रजिस्टरांत स्लाइड प्रयोगशाळेत पोचल्याची तारीखही असते. आठवड्याचे आकडे रक्त घेतल्याच्या तारखेवर काढा.

याचं कारण ग्रामीण प्रयोगशाळेत फार ठळक दिसतं. तंत्रज्ञ एकच असतो. तो चार दिवस प्रशिक्षणाला गेला, रजेवर गेला किंवा सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला, की स्लाइड साठतात आणि परतल्यावर दोन दिवसांत सगळ्या तपासल्या जातात. तपासणीच्या तारखेवर मोजलं तर एक आठवडा साफ कोरा आणि पुढचा एकदम फुगलेला दिसतो. गावात काहीच बदललेलं नसतं. असा फुगवटा दिसला की लोक साथ शोधायला धावतात. तो खरा की अनुशेषाचा, हे ओळखायला त्या आठवड्यातल्या ओळींच्या दोन तारखांमधलं अंतर पाहा. नेहमी एक-दोन दिवसांचं अंतर असताना ते पाच-सहावर गेलं असेल, तर तो अनुशेष.

रक्त घेतल्याची तारीख कोरी असेल तर काय करायचं, तेही आताच ठरवा. मी असं करतो: त्याच कार्यकर्त्याने आणलेल्या गठ्ठ्यातल्या शेजारच्या ओळींची तारीख एकच असेल तर ती धरायची आणि शेऱ्यात ‘तारीख अंदाजे’ असं लिहायचं. तेही जमत नसेल, तर ती ओळ कोणत्याही आठवड्यात ढकलायची नाही, ‘आठवडा ठरला नाही’ म्हणून वेगळी ठेवायची. तपासणीची तारीख मुकाट्याने तिथे भरणं ही सोयीची वाट आहे, पण मग त्याच आकड्यांत दोन मोजपट्ट्या मिसळतात आणि नंतर त्या वेगळ्या करता येत नाहीत.

## ३. आठवडा कुठे सुरू होतो

सोमवार ते रविवार हा आयएसओ आठवडा धरा. काही ठिकाणी रविवार ते शनिवार अशी पद्धत आहे. तुमचा अहवाल जिथे जातो तिथली जी असेल ती घ्या, पण मध्येच बदलू नका. आयएसओ पद्धतीत ४ जानेवारी ज्या आठवड्यात येते तो वर्षाचा पहिला आठवडा. त्यामुळे ३० डिसेंबर २०२४ ला घेतलेली स्लाइड २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जाते, आणि १ जानेवारी २०२१ ची स्लाइड २०२० च्या त्रेपन्नाव्या आठवड्यात.

आठवड्याच्या नुसत्या क्रमांकावर मोजू नका. दोन वर्षांचं रजिस्टर एकाच तक्त्यात असेल, तर दोन्ही वर्षांचा सत्ताविसावा आठवडा एकत्र मोजला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यापेक्षा आठवड्याची ओळख म्हणून त्याच्या सोमवारची तारीख वापरा. सोमवारची तारीख वर्षाच्या कडेलाही फसवत नाही.

## ४. ओळ जशीच्या तशी उतरवा

आता संगणक उघडा. `Data` नावाच्या शीटमध्ये एका स्लाइडला एक ओळ आणि रकाने या क्रमाने:

- `A` रजिस्टरमधला अनुक्रमांक
- `B` रक्त घेतल्याची तारीख
- `C` तपासल्याची तारीख
- `D` निकाल, रजिस्टरमध्ये लिहिलाय तसाच
- `E` शेरा
- `F` ओळीचा प्रकार
- `G` प्रजातीचा कोड
- `H` आठवड्याचा सोमवार

या पायरीत फक्त `A` ते `E` भरायचे. `Pf ++` लिहिलं असेल तर `Pf ++` च टाका. उतरवतानाच ‘हा फाल्सिपेरम’ असं मनात भाषांतर करून टाकण्याचा मोह होतो आणि बहुतेक चुका तिथेच रुजतात, कारण नंतर शंका आली तर पडताळायला मूळ शब्द शीटमध्ये उरलेलाच नसतो. ‘वरीलप्रमाणे’च्या खुणेच्या जागी मात्र वरचा मजकूर पूर्ण लिहा. ती खूण संगणकाला कळत नाही, आणि ओळींचा क्रम बदलला की तिचा अर्थही बदलतो.

रुग्णाचं नाव शीटमध्ये आणू नका. मोजणीला त्याची गरज नाही, आणि ओळख पटवायची वेळ आली तर अनुक्रमांकावरून रजिस्टर उघडता येतं.

तारखा वर्ष-महिना-दिवस अशा टाका, उदाहरणार्थ `2024-07-03`. दिवस आणि महिना उलटे झाले तर ३ जुलैची स्लाइड ७ मार्चला जाऊन बसते. जानेवारीत दुसरी चूक दिसते: सवयीने जुनंच वर्ष लिहिलेलं असतं. आधीच्या-नंतरच्या ओळी पाहिल्या की ती लगेच कळते.

तपासा: पहिल्या आणि शेवटच्या अनुक्रमांकातला फरक अधिक एक, इतक्या ओळी शीटमध्ये आहेत का? नसतील तर एखादा क्रमांक सुटला आहे किंवा दोनदा पडला आहे. दोन्ही दोष रजिस्टरमध्येच असू शकतात. तसं असेल तर ओळ बनवू नका किंवा खोडू नका, शेऱ्यात लिहा. शिवाय `C` ची तारीख `B` च्या आधीची असलेली प्रत्येक ओळ शोधून रजिस्टरशी ताडून पाहा.

## ५. कोणती ओळ मोजायची

स्लाइड आणि नवा रुग्ण यांची संख्या एक नसते. `F` रकान्यात प्रत्येक ओळीला तीनपैकी एक खूण द्या: `new`, `fu` किंवा `dup`.

`fu` म्हणजे पाठपुराव्याची स्लाइड. उपचार सुरू झाल्यावर त्याच रुग्णाचं रक्त काही दिवसांनी पुन्हा घेतलं जातं. ती पॉझिटिव्ह असली तरी नवा संसर्ग म्हणून मोजायची नाही. फाल्सिपेरमचे गॅमेटोसाइट तर बाकीचे परोपजीवी नाहीसे झाल्यावरही काही आठवडे रक्तात दिसत राहतात, म्हणून नुसता `PfG` असा निकाल दिसला की आधीच्या पानांवर तोच रुग्ण शोधा. रजिस्टरमध्ये ‘पाठपुरावा’ असं प्रत्येक वेळी लिहिलेलं असेलच असं नाही. प्रत्येक पॉझिटिव्ह ओळीसाठी मागच्या २८ दिवसांत तेच नाव, वय आणि गाव आहे का, एवढं कागदावर पाहून घ्या. निगेटिव्ह ओळींसाठी इतकी मेहनत परवडत नसेल तर निदान पॉझिटिव्हसाठी करा.

`dup` म्हणजे एकाच रुग्णाची त्याच दिवशीची दुसरी स्लाइड. एकाच काचेवर जाड आणि पातळ थर दोन्ही असतात ती मात्र एकच स्लाइड. तिच्या दोन ओळी रजिस्टरमध्ये पडल्या असतील, तर एक `dup`.

झटपट चाचणीच्या पट्टीचे निकाल त्याच रजिस्टरमध्ये लिहिले जात असतील, तर ते स्लाइडच्या मोजणीत घेऊ नका, वेगळ्या शीटमध्ये ठेवा. फाल्सिपेरमचं एचआरपी-२ प्रथिन शोधणारी पट्टी उपचारानंतरही कित्येक दिवस, कधी काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. त्यामुळे स्लाइड आणि पट्टी एकत्र केल्या तर फाल्सिपेरमचं पारडं उगाच जड होतं.

## ६. प्रजातीचा कोड द्या

पहिल्या पायरीतली यादी आता कामाला येते. `G` मध्ये ठरलेलेच कोड टाका: `PF`, `PV`, `PFPV`, `UNK`, `NEG`, `NR`. मलेरिए किंवा ओव्हेल सापडत असतील तर `PM` आणि `PO` जोडा.

`PFPV` हा मिश्र संसर्गाचा स्वतंत्र कोड आहे. ती ओळ ना नुसत्या फाल्सिपेरमची, ना नुसत्या व्हायवॅक्सची. ती दोन्हींत टाकली की प्रजातींची बेरीज एकूण पॉझिटिव्हपेक्षा जास्त होते. मग कुणीतरी ‘दुरुस्ती’ म्हणून एकीकडून वजा करतो आणि मिश्र संसर्ग तक्त्यातून गायब होतो. ‘फाल्सिपेरम असलेले एकूण’ हवे असतील, तर `PF` अधिक `PFPV` असा वेगळा रकाना शेवटी काढा आणि त्याच्या नावातच ‘मिश्र धरून’ असं लिहा.

`UNK` म्हणजे पॉझिटिव्ह, पण प्रजाती लिहिलेली नाही. जाड थरावर परोपजीवी सापडले, पण पातळ थर खराब निघाला, अशा वेळी नुसतं `MP+` लिहिलेलं मिळतं. हे आकडे बाकीच्यांच्या प्रमाणात वाटून टाकू नका. `UNK` वाढत चालले असतील तर ती स्लाइडच्या दर्जाची तक्रार आहे, आणि वाटून टाकलं की ती तक्रारच पुसली जाते.

`NR` म्हणजे निकाल नाही: स्लाइड फुटली, थर निघून गेला, तपासायची राहिली किंवा जागाच कोरी आहे. कोरी जागा म्हणजे निगेटिव्ह नव्हे. ही ओळ तपासलेल्यांच्या संख्येतही धरायची नाही.

पुनर्तपासणीत निकाल बदलला असेल तर `G` मध्ये बदललेला निकाल टाका आणि मूळ निकाल `D` मध्ये राहू द्या.

## ७. मोजा

`H` रकान्यात आठवड्याचा सोमवार काढा:

```
=B2-WEEKDAY(B2,3)
```

वर्ष-आठवडा असं नाव हवं असेल तर वर्ष त्या आठवड्याच्या गुरुवारवरून घ्यावं लागतं:

```
=YEAR(H2+3)&"-"&TEXT(ISOWEEKNUM(B2),"00")
```

तारीख कोरी असलेल्या ओळीत ही सूत्रं भरू नका. रिकामा सेल म्हणजे शून्य असं मानून संगणक काहीतरी भलतंच दाखवतो.

दुसऱ्या शीटच्या `A` रकान्यात सगळे सोमवार ओळीने लिहा. ज्या आठवड्यात पॉझिटिव्ह नाहीत तेही लिहा, नाहीतर शून्याचे आठवडे तक्त्यात दिसणारच नाहीत. मग फाल्सिपेरमसाठी:

```
=COUNTIFS(Data!$H:$H,$A2,Data!$F:$F,"new",Data!$G:$G,"PF")
```

शेवटचा कोड बदलत बाकीचे रकाने भरा. तपासलेल्यांच्या रकान्यात `NR` सोडून सगळ्या कोडांची बेरीज येते. हा रकाना टाळू नका. या आठवड्यात चार पॉझिटिव्ह आणि गेल्या आठवड्यात आठ, एवढ्यावरून काहीच कळत नाही. गेल्या आठवड्यात दुप्पट स्लाइड तपासल्या असतील, तर प्रमाण तेच आहे.

## एक आठवडा करून पाहू

समजा, १ ते ७ जुलै २०२४ हा आठवडा काढायचा आहे. तो त्या वर्षाचा सत्ताविसावा. हे रजिस्टर समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण यातली एकूण एक अडचण नेहमीची आहे.

पानावर ६११ ते ६३२ अशा २२ ओळी या आठवड्याच्या वाटतात. त्यांतल्या पहिल्या दोन स्लाइड मात्र २९ आणि ३० जूनला घेतलेल्या आहेत आणि १ जुलैला तपासलेल्या. त्या मागच्या आठवड्याच्या, म्हणून २० उरल्या. पुढे ६३८ ते ६४० या तीन ओळी ५ आणि ६ जुलैच्या निघाल्या. कार्यकर्त्याने गठ्ठा उशिरा आणला होता. म्हणजे झाल्या २३.

या २३ पैकी एक पाठपुराव्याची आहे, निकाल `PfG`. एक `dup`: त्याच मुलाच्या दोन स्लाइड, दोन्ही निगेटिव्ह. एकीच्या निकालाची जागा कोरी, म्हणून `NR`. राहिल्या २०. त्यांत ११ निगेटिव्ह आणि नऊ पॉझिटिव्ह:

- `Pf ++`, `PfR`, `PfRG`: तीन `PF`
- `Pv+`, `P.v.`, `PV`, `pv ++`: चार `PV`
- `Pf+Pv`: एक `PFPV`
- `MP+`: एक `UNK`

तीन, चार, एक, एक मिळून नऊ. नऊ आणि ११ मिळून २०. मिश्र धरून फाल्सिपेरम चार आणि व्हायवॅक्स पाच.

आता कोड न देता थेट `D` रकान्यात शोध घेतला असता तर? ‘pf’ असलेल्या ओळी पाच मिळतात, कारण पाठपुराव्याची `PfG` त्यात शिरते. ‘pv’ असलेल्या चारच, कारण `P.v.` मधल्या टिंबांमुळे ती निसटते. म्हणजे व्हायवॅक्स जास्त असलेल्या आठवड्यात फाल्सिपेरम जास्त दिसला. आणि ‘+’ शोधून मिश्र संसर्ग मोजले तर एकाच्या जागी पाच.

तारखेचंही बघा. तंत्रज्ञ बुधवारपासून रविवारपर्यंत नव्हता. या नऊपैकी दोनच स्लाइड त्या आठवड्यात तपासल्या गेल्या, सात पुढच्या. जूनच्या दोन स्लाइडांपैकी एक पॉझिटिव्ह होती. तपासणीच्या तारखेवर मोजलं असतं तर या आठवड्यात नऊऐवजी तीन पॉझिटिव्ह दिसले असते, आणि पुढच्या आठवड्याच्या डोक्यावर सात जास्तीचे.

## ८. आकडे पाठवण्याआधी

प्रत्येक आठवड्यासाठी तीन बेरजा जुळवा. प्रजातींचे कोड आणि `UNK` मिळून एकूण पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह आणि `NEG` मिळून तपासलेल्या. तपासलेल्या, `NR`, `fu` आणि `dup` मिळून त्या आठवड्यातल्या सगळ्या ओळी. एखाद्या ओळीवर दोन खुणा बसत असतील, जसं पाठपुराव्याची आणि शिवाय फुटलेली स्लाइड, तर `F` ची खूण आधी धरा, म्हणजे ती दोनदा मोजली जाणार नाही. त्यासाठी `NR` मोजतानाही सूत्रात `"new"` हवंच. सर्व आठवडे आणि ‘आठवडा ठरला नाही’ या ओळी मिळून `Data` शीटमधल्या एकूण ओळी झाल्या पाहिजेत.

महिन्याच्या अहवालाशी ही बेरीज ताडायला जाऊ नका. एक आठवडा दोन महिन्यांत पसरतो, आणि महिन्याचा अहवाल बहुधा तपासणीच्या तारखेवर केलेला असतो. मी एकदा हा फरक मिटवण्यात अख्खी दुपार घालवली होती, आणि शेवटी दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर निघाले. ताडायचंच असेल तर `C` रकान्यावर महिनाभराचे पॉझिटिव्ह मोजा आणि त्याच्याशी जुळवा.

मग कोणतेही दोन आठवडे निवडा आणि ते दुसऱ्या कुणाला तरी थेट रजिस्टरवरून हाताने मोजायला सांगा. त्याला फक्त नियम द्या, तुमचे आकडे दाखवू नका. फरक आला तर अनुक्रमांक घेऊन एकेक ओळ लावून पाहा.

एखाद्या आठवड्यात स्लाइड आल्याच नसतील, तर तपासलेल्यांच्या रकान्यात शून्य. रजिस्टरचं पान फाटलं किंवा सापडत नसेल, तर सेल कोरा ठेवा आणि शेजारी कारण लिहा. तिथे सूत्र शून्य दाखवतं, म्हणून ते सूत्र हाताने काढावं लागतं.

शेवटचे दोन आठवडे ‘कच्चे’ म्हणून पाठवा. वरच्या उदाहरणातल्या ६३८ ते ६४० सारख्या ओळी मागाहून येतच राहतात. दर सोमवारी नवा आठवडा जोडताना मागचे दोन पुन्हा मोजा आणि तक्त्याच्या डोक्यावर लिहा: रजिस्टरच्या कोणत्या अनुक्रमांकापर्यंत मोजलं, कोणत्या दिवशी, आणि कोणत्या तारखेवर.